पाहुण्यांचा परिचय

आमच्याकडं कुठलाही कार्यक्रम असला की प्रतिमेला हार घालायचा, स्वागत, प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय, असा क्रम ठरलेला असतो. परिचय करून देणाऱ्याला दोन-चार मिनिटं मिळतात. दहावीपर्यंत शिकलेला आणि आवाज मोठा, म्हणून गावात हे काम गेली तीसेक वर्षं माझ्याकडं आहे. सोपं काम आहे असं लोक समजतात. पाहुणा सरळ असला तर ते सोपंच असतं. पण ज्याच्या नावामागं काही प्रकरण झालेलं आहे असा माणूस व्याख्यानाला आला, म्हणजे त्या चार मिनिटांत काय सांगायचं आणि काय नाही, हा मोठा धर्माचा प्रश्न होऊन बसतो.

आमच्या व्याख्यानमालेला एकदा शेजारच्या गावच्या दूध संस्थेचे जुने चेअरमन बोलवले होते. विषय होता, सभासदानं संस्थेचे हिशेब कसे वाचावेत. माणूस जाणकार, बोलणारा चांगला. पण त्यांच्याच कारभारात पशुखाद्याच्या खरेदीवरनं चौकशी लागली होती, आणि त्यांच्या संस्थेला दूध घातलेली दहा-बारा घरं आमच्या वाडीत होती. त्यांची बिलं त्या काळात महिनोन् महिने अडकली होती.

मंडळातली तरुण पोरं म्हणाली, "आण्णा, झाकली मूठ राहू द्या. पाहुणा आहे, आपल्या दारात त्याचा अपमान नको." वाडीतला एक गडी म्हणाला, "आण्णा, चोराला चोर म्हणणार नसाल तर माईक हातात घेऊ नका." दोघांचंही मला पटलं नाही. झाकलं असतं तर पुढं बसलेल्या ज्या माणसांचे पैसे अडकले होते, त्यांना वाटलं असतं की मंडळानं त्या माणसाला धुऊन काढलं. आणि चोर म्हणण्याचा अधिकार मला कुणी दिला? मी काय न्यायाधीश आहे?

म्हणून आधी कागद बघितले. आपल्याकडं 'चौकशी झाली' आणि 'दोषी ठरला' हे लोक एकाच दमात बोलतात. सहकार कायद्यात कलम ८३ खाली संस्थेच्या कारभाराची चौकशी होते. ती शिक्षा नव्हे. कलम ८८ खाली संस्थेचं नुकसान किती आणि ते कुणाकडनं वसूल करायचं हे ठरतं. तीही तुरुंगाची शिक्षा नव्हे, पैशाची जबाबदारी आहे. फौजदारी खटला आणखी वेगळा. त्यात आरोपपत्र म्हणजे निकाल नाही, आणि संशयाचा फायदा देऊन सोडलं म्हणजे सगळा व्यवहार चोख होता असंही नाही. ह्यातली एक पायरी दुसरीच्या जागी घातली की परिचय खोटा झाला, मग तो पाहुण्याच्या बाजूनं खोटा असो की त्याच्या विरुद्ध.

मग पाहुण्यांना फोन केला आणि बोलायचा मजकूर वाचून दाखवला. ते म्हणाले, "रक्कम भरली तेवढं सांगा, ८३ चं कशाला काढता?" मी म्हटलं, "साहेब, रक्कम कशाची भरली हे सांगितल्याशिवाय भरली म्हणून कसं सांगू? तुमचं म्हणणं काय ते सांगा, तेही वाचतो." थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी एक वाक्य दिलं. ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं.

त्या दिवशी वाचलं ते असं:

"आजचे पाहुणे अकरा वर्षं आपल्या गावच्या दूध संस्थेचे चेअरमन होते. त्या काळातल्या पशुखाद्य खरेदीची सहकार खात्यानं कलम ८३ खाली चौकशी केली. पुढं कलम ८८ खाली त्यांच्यावर रकमेची जबाबदारी ठरली. ती रक्कम त्यांनी भरली. याच प्रकरणाच्या फौजदारी खटल्यात न्यायालयानं त्यांना संशयाचा फायदा देऊन सोडलं. खरेदीचा निर्णय सगळ्या संचालकांनी मिळून घेतला होता, असं त्यांचं म्हणणं आहे. आज ते सभासदानं हिशेब कसे वाचावेत यावर बोलतील. शेवटी प्रश्नांना अर्धा तास ठेवला आहे."

यात थोर नाही, झुंजार नाही, वादग्रस्तही नाही. 'वादग्रस्त' हा शब्द निःपक्ष वाटतो, पण वाद कशाचा, कुणी घातला आणि त्याचं पुढं काय झालं, यातलं काहीच तो सांगत नाही. नुसता माणसाला डाग लावून जातो.

आपली भाषा फार लबाड आहे, हे मला ह्या कामात कळलं. 'त्यांनी रक्कम भरली' आणि 'त्यांनी रक्कम भरली म्हणे' यात अक्षरं दोनच जास्त, पण सगळा बाजार फिरतो. 'पण'चंही तसंच. 'चौकशी झाली, पण कोर्टानं सोडलं' म्हटलं की ऐकणारा सुटकेवर थांबतो. 'कोर्टानं सोडलं, पण चौकशी झाली होती' म्हटलं की तो संशयावर थांबतो. म्हणून मी 'पण' काढून टाकतो आणि जे आधी घडलं ते आधी, नंतरचं नंतर सांगतो. आवाजही सगळ्या वाक्यांना एकच ठेवतो. तुळईचा काटा बोटानं दाबला तर गिऱ्हाइकाला दिसतं, आवाजानं दाबला तर दिसत नाही. दाबला जातो मात्र तेवढाच.

कोर्टकचेरी नसून नुसती टीका असली तर निकालाचा कागद नसतो. तिथं कुणी, कशावर आक्षेप घेतला आणि माणसानं पुढं काय केलं एवढंच सांगता येतं. 'झोंबी' लिहिणारे आनंद यादव २००९ च्या महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडून आले होते. त्यांच्या 'संतसूर्य तुकाराम' कादंबरीवर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला, यादवांनी माफी मागून कादंबरी मागं घेतली, तरी शेवटी अध्यक्षपद सोडावं लागलं आणि संमेलन अध्यक्षाविना झालं. त्यानंतर कुणाला त्यांचा परिचय द्यायचा असता तर एवढं सांगून थांबायला हवं होतं. कादंबरीत चूक होती की नव्हती, हे माईकवाल्यानं ठरवायचं नाही. ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

आणि सगळंच सांगायचं असतं असंही नाही. माझी कसोटी एकच. पाहुणा ज्या विषयावर बोलणार, त्याच्याशी ती गोष्ट जोडलेली आहे का? चेअरमनांचा विषय हिशेबाचा होता, म्हणून हिशेबाचं प्रकरण सांगणं भाग होतं. त्यांच्या घरात भावाभावांची वाटणीवरनं भांडणं झालेली मला माहीत होती. ती सांगितली असती तर सत्याच्या नावाखाली चहाडी झाली असती. तेच उद्या ते द्राक्षाच्या छाटणीवर बोलायला आले, तर नाव, गाव, किती वर्षं बाग केली, एवढा परिचय पुरे.

त्या दिवशी चेअरमन उठले तेव्हा चेहरा जरा उतरलेला होता. ज्यांची बिलं अडकली होती त्यांतल्या एका म्हातारीच्या पोरानं शेवटी उभं राहून विचारलं, "आमचं बिल थांबलं होतं, ते ताळेबंदात कुठं दिसायला पाहिजे होतं?" त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं, देणी बाजूला. उत्तर त्याला पटलं की नाही मला ठाऊक नाही. परिचयात ते दडवलं असतं, तर हा प्रश्न एक तर विचारला गेला नसता, नाहीतर शिवी होऊन आला असता.

पाहुणा म्हणाला की हे वाचू नका, आणि गोष्ट विषयाशी जोडलेली असली, तर मी मंडळाला सांगतो की परिचय दुसऱ्या कुणाला द्या. अशा वेळी नुसतं नाव सांगून खाली बसणं काहींना निःपक्षपणा वाटतो. पण ज्यांना ठाऊक आहे ते पहिल्या रांगेत बसलेले असतात, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांची फसवणूक आपल्या तोंडून झालेली असते.