हिरवा रकाना

बोईसरच्या एका कॉल सेंटरमध्ये नव्या बॅचला स्लाइड दाखवल्या जात होत्या. डावीकडे लाल रकाना: ‘शांत व्हा’, ‘ते आमचं काम नाही’. उजवीकडे हिरवा: ‘आपली अडचण समजते, मी लगेच तक्रार नोंदवते.’ मुलं हिरवी वाक्यं पाठ करत होती. मग मॅडमनी दोन रेकॉर्डिंग लावली. दोन्हीत बोलणारी बाई एकच, सातपाटीची मासेविक्रेती. आदल्या संध्याकाळी तिचा डीप फ्रीझर बंद पडला होता आणि आत पापलेट होतं. तिने तेव्हाच तक्रारही केली होती.

पहिल्या कॉलमधल्या मुलाने नाव विचारलं, दिलगिरी व्यक्त केली, होल्डवर ठेवण्याची परवानगी मागितली आणि नवी तक्रार नोंदवली. “चोवीस तासांत माणूस येईल.” बाई म्हणाली, “कालपण हेच सांगितलं ना रे!” मुलाने पुन्हा दिलगिरी व्यक्त केली. तपासणीत त्याला जवळजवळ पैकीच्या पैकी गुण होते.

दुसरा कॉल तासाभराने आला. ही मुलगी डहाणूची. तिने आधी जुनी तक्रार उघडली. ती सकाळीच बंद झाली होती, शेरा होता ‘ग्राहकाने फोन उचलला नाही’. आणि नवी तक्रार रांगेच्या तळाशी जाऊन बसली होती. तिचे चोवीस तास पुन्हा पहिल्यापासून मोजले जात होते.

“मावशी, सकाळी कुठे होतात?”

“पालघरच्या बाजारात. ओल्या हातानं फोन कोण उचलणार?”

“घरी कोण असतं? त्यांचा नंबर द्या. फ्रीझर किती भरलाय?”

“सून असते, नंबर देते. फ्रीझर अर्धा.”

“मग झाकण अजिबात उघडू नका. काठोकाठ भरलेला असता तर माल दोनेक दिवस टिकला असता. अर्धा म्हणजे एखादा दिवसच, आणि त्यातला बराच वेळ गेलाय.”

मग रेकॉर्डिंगमध्ये मुलीकडून नुसती शांतता. त्या वेळात तिने जुनी तक्रार पुन्हा सुरू केली, नवी तिला जोडली, सुनेचा नंबर चढवला, ‘नाशवंत माल’ असा शेरा लिहून ती वरिष्ठांकडे पाठवली. तंत्रज्ञ त्याच संध्याकाळी पोहोचला.

“हिला किती गुण मिळाले असतील?” मॅडमनी विचारलं.

सगळ्यांनी पैकीच्या पैकी सांगितले. प्रत्यक्षात मुलाहून कमीच होते. एकदाही दिलगिरी नाही, आणि चाळीस सेकंद ती काही न सांगता गप्प राहिली होती.

“मॅडम, हा अन्याय आहे,” मागून कोणीतरी म्हणालं.

“दिलगिरीचे गुण मी तिला परत दिले,” मॅडम म्हणाल्या. “शांततेचे नाही दिले. ते चाळीस सेकंद त्या मावशीला फोन कटला असंच वाटत होतं. ऐका, मधे दोनदा ती ‘हॅलो, हॅलो’ करतेय.”

त्यांनी स्लाइड पुन्हा उघडली, हिरव्या रकान्यातलं वाक्य खोडलं आणि तिथे लिहिलं: ‘आधीची तक्रार का बंद झाली?’ खाली दुसरी ओळ: ‘शोधताना ग्राहकाला सांगा, मी शोधतेय.’