वसुलीनंतरची वर्षे

मृगाच्या पावसावर सरकी टोबायची, दिवाळीच्या सुमारास वेचणीला लागायचे आणि कापूस बाजारात गेला की सावकाराचे अथवा तगाईचे देणे चुकते करून उरलेल्यावर संसार चालवायचा, असा क्रम ज्या वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तेथे गुंतविलेला पैसा कधी वसूल होईल हाच प्रश्न प्रथम विचारला जावा, यात नवल नाही. पीक एका हंगामात उभे राहते आणि त्याच हंगामात संपते, तोपर्यंत हा प्रश्न निरुपद्रवीही असतो. कारण वसुलीनंतर मोजावयाचे असे फारसे काही उरतच नाही. परंतु त्याच वऱ्हाडाच्या माथ्यावर, सुमारे अकराशे मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यात, इंग्रजी अमदानीत लावलेल्या कॉफीची झाडे आहेत, आणि अलीकडे तेथे स्ट्रॉबेरीही होऊ लागली आहे. एक पीक लावल्यावर तीन-चार वर्षे वाट पाहावयास लावते, दुसरे पहिल्याच हिवाळ्यात फळ देते. या दोहोंना जुन्या प्रश्नाच्या तराजूत घातले, तर तो तराजू कोठे दगा देतो ते स्पष्ट दिसते.

हिशेब समजण्यासाठी काही आकडे कल्पनेने घेऊ. ते प्रत्यक्ष बागांचे नव्हेत. दोन्ही पिकांना आरंभी एक लाख रुपये लागतात असे धरू. स्ट्रॉबेरीपासून वर्षाचा सर्व खर्च वजा जाता पहिली दोन वर्षे ५०-५० हजार आणि तिसऱ्या वर्षी ३० हजार हाती येतात. मग ठिबकच्या नळ्या व वाफे नव्याने करावे लागतात. कॉफीपासून पहिली तीन वर्षे काहीच नाही. चौथ्यापासून पंधराव्या वर्षापर्यंत दरसाल ३५ हजार. पेबॅक, म्हणजे मुद्दल परत येण्याचा काळ, स्ट्रॉबेरीचा नेमका दोन वर्षे आणि कॉफीचा सहाव्या वर्षात पडणारा. या कसोटीवर निकाल तत्काळ लागतो.

पण स्ट्रॉबेरीचा तो एक लाख सावकाराकडून शेकडा २४ व्याजाने आणला असेल, तर खातेवहीत काय घडते ते पाहावे. पहिल्या वर्षअखेर देणे १,२४,००० होते. ५० हजार भरल्यावर ७४ हजार उरतात. दुसऱ्या वर्षअखेर ते ९१,७६० होतात. भरणा होऊन ४१,७६० उरतात. ज्या दिवशी पेबॅक म्हणतो की भांडवल वसूल झाले, त्याच दिवशी हे देणे अंगावर आहे. आणि तिसऱ्या वर्षाचे ३० हजार भरूनही सुमारे २१,८०० रुपये डोक्यावर राहतातच. हेच कर्ज सहकारी संस्थेकडून शेकडा १० ने मिळाले असते, तर तिसऱ्या वर्षअखेर सर्व देणे फिटून १२,४०० रुपये हाती उरले असते. एका बाजूला कर्जबाजारीपण, दुसऱ्या बाजूला नफा. आणि पेबॅक मात्र दोन्ही वेळा दोन वर्षेच सांगतो, कारण व्याज त्याच्या हिशेबात शिरतच नाही.

उद्याचा रुपया आजच्या रुपयाच्या बरोबरीचा नव्हे, ही जाण काही नवी नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त मुद्दल व व्याज मिळून झालेल्या मिश्रधनावरून मूळ मुद्दल शोधण्याची रीत आहे, पुढे मिळणाऱ्या रकमेतून तिचे आजचे मोल काढणे, याचाच हा आरंभ. चक्रवाढ व्याजाची कोष्टके सायमन स्टेव्हिन याने १५८२ साली छापून प्रसिद्ध केली. परंतु या विचाराला माती व झाड यांचा आधार मिळाला तो जर्मन वनाधिकारी मार्टिन फाउस्टमान याच्या १८४९ च्या लेखात. लावणीपासून तोडणीपर्यंत कित्येक दशके जाणाऱ्या जंगलाच्या जमिनीची किंमत ठरविताना त्याने भावी उत्पन्न व खर्च ही दोन्ही आजच्या मोलात आणली. मेळघाटासारख्या सागाच्या मुलखात वसुलीच्या वर्षांचा नियम लावला असता, तर एकही रोप लावण्याजोगे ठरले नसते. पुढे १९०७ साली आयर्व्हिंग फिशर याने अनेक पर्यायांतून ज्याचे वर्तमान मूल्य सर्वाधिक, तो निवडावा असे मांडले. आजच्या मोलात आणलेल्या सर्व प्राप्तीतून सर्व खर्च वजा करून जे उरते, त्यालाच आज निव्वळ वर्तमान मूल्य अथवा एनपीव्ही म्हणतात. शेकडा १० ने स्ट्रॉबेरीचे हे मूल्य सुमारे ९,३०० येते. म्हणजे वरच्या खात्यात तिसऱ्या वर्षी उरलेल्या १२,४०० रुपयांचेच आजचे मोल. कॉफीचे सुमारे ७९,२०० येते.

व्याजाचा दोष दुरुस्त करावयाचा म्हणून पुष्कळ जण डिस्काउंटेड पेबॅकचा आश्रय घेतात: प्रत्येक वर्षाची प्राप्ती आजच्या मोलात आणावयाची आणि मग मुद्दल केव्हा भरून निघते ते पाहावयाचे. शेकडा १० ने स्ट्रॉबेरीचा काळ तिसऱ्या वर्षात पडतो. कॉफीचे आठव्या वर्षअखेर ९९,६८३ जमतात, म्हणजे मुद्दल नवव्या वर्षाच्या आरंभीच भरते. निकाल पूर्वीचाच, आणि माझ्या मते अधिक धोकादायक. कारण आता व्याज धरल्याचे समाधानही सोबत असते. वास्तविक या पद्धतीने सांगितलेला क्षण म्हणजे निव्वळ मूल्य शून्यावर येण्याचा क्षण. खरी कमाई सुरू होते तीच तेथून, आणि ही पद्धत वही मिटते तीही तेथेच. कॉफीचा जवळजवळ सर्व लाभ नवव्या ते पंधराव्या वर्षांत आहे; त्या वर्षांत उत्पन्न दुप्पट झाले काय किंवा बाग उपटण्याचा मोठा खर्च आला काय, या पद्धतीच्या उत्तरात फरक पडत नाही.

येथे कोणी रास्त आक्षेप घेईल की स्ट्रॉबेरीचा पैसा तीन वर्षांत मोकळा होतो, तो पुन्हा लावता येतो. मग तीन वर्षांची पंधराशी तुलना न्याय्य कशी? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर फाउस्टमानच्याच रीतीत आहे: एका तोडणीमागून दुसरी लावण, अशी सारी मालिका मोजावी. स्ट्रॉबेरीची तीच लावण पंधरा वर्षांत पाच वेळा केली, तर एकूण वर्तमान मूल्य सुमारे २८,५०० होते. अंतर कमी झाले, पण क्रम बदलला नाही.

एनपीव्हीचे उत्तरही हाती दिलेल्या अंदाजांइतकेच खरे. कॉफीचे ३५ हजार आपण गृहीत धरले; दरसाल साडेएकोणीस हजारांच्या खाली उत्पन्न गेले, तर शेकडा १० नेही ती तोट्यात जाते. म्हणून दूरच्या वर्षांचे आकडे मुद्दाम कमी करून हिशेब पुन्हा मांडावा. शिवाय तीन वर्षे रिकाम्या हाताने घर कसे चालवावयाचे, ही अडचण एनपीव्ही सोडवीत नाही. पेबॅकच्या लोकप्रियतेमागे हीच खरी काळजी आहे आणि तिला क्षुल्लक मानणे अन्यायाचे होईल. मात्र त्या काळजीची किंमत एनपीव्हीनेच काढता येते. अर्धे भांडवल कॉफीत व अर्धे एका खेपेपुरते स्ट्रॉबेरीत घातले, आणि उत्पन्न त्याच प्रमाणात धरले, तर पहिली दोन वर्षे २५-२५ हजार व तिसऱ्या वर्षी १५ हजार घरात येतात, आणि एकूण वर्तमान मूल्य सुमारे ४४,२०० राहते. केवळ कॉफीपेक्षा ते सुमारे ३५ हजारांनी कमी. एवढी रक्कम देऊन ती तीन वर्षे सुखरूप काढावयाची, की तेवढ्या काळासाठी दुसरीकडून अल्प व्याजाने खर्चाची सोय करावयाची, याचा निर्णय मग घरखर्चाचा आकडा समोर ठेवून करता येतो.