झाली की केली?

भिवंडीतील एका यंत्रमाग कारखान्यात देखरेख करणाऱ्या बंधूने एका विणकरास मोबाइलवर धाडलेला निरोप आम्हांस दाखविण्यात आला. सुताचे एक पोते सापडेना, म्हणून त्याने विणकरास चौघांदेखत चोर म्हटले व दोन दिवस कामावरून बसविले. पुढे पोते गोदामातच मिळाले. तेव्हा निरोप गेला तो असा: “कालच्या प्रकाराने आपणांस वाईट वाटले असल्यास दिलगीर आहे. गैरसमज झाला. माझा हेतू तसा नव्हता.”

वाचताना नम्रता दिसते. परंतु यातील कर्ता शोधून पाहा. “असल्यास” या शब्दाने घडलेली गोष्ट शंकास्पद ठरली. “वाटले” म्हणताच दोष विणकराच्या मनाकडे गेला. “झाला” हे क्रियापद तर कर्त्यावाचूनच उभे आहे, जणू गैरसमज पावसासारखा आपोआप पडला! आणि “प्रकार” म्हणजे कोणता, हे सांगितलेच नाही. व्यापारी बिलाखाली “चूकभूल द्यावी घ्यावी” असे छापतात, ते पुढे निघू शकणाऱ्या चुकीसाठी. येथे तर चूक सापडली होती.

“मी” लिहिल्याने सर्व काही साधते असेही नाही. पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात शौल राजाने उत्तम गुरेमेंढरे राखून ठेवली. विचारताच ती लोकांनी यज्ञासाठी राखली असे तो म्हणाला. शेवटी आपण पाप केल्याचे त्याने कबूल केले, परंतु त्याच दमात लोकांचे भय वाटल्याची सबब दिली आणि वडिलांसमोर आपला मान राखावा अशी विनंती केली. दावीदाने मात्र नाथानापुढे कबुली दिली, तिला सबब जोडली नाही.

गणनाच्या पाचव्या अध्यायातील नियम याहून व्यावहारिक आहे: अपराध कबूल करावा, नुकसान पुरते भरून द्यावे, आणि वर पाचवा हिस्सा द्यावा. विणकराची हजार रुपये मजुरी बुडाली असेल, तर त्या हिशेबाने बाराशे होतात.

आमच्या सांगण्यावरून बंधूने दुसरा निरोप लिहिला: “मंगळवारी चौघांदेखत मी तुम्हांला चोर म्हटले. गोदाम न पाहता म्हटले. ते खोटे होते. तुमची मजुरी मी बुडविली. ती पाचव्या हिश्शासह देतो. त्याच चौघांसमोर मी हे सांगेन.” पाहा, यात “दिलगीर” हा शब्दही नाही, तरी काही उणे वाटत नाही.

“जर” नेहमीच लबाड असतो असे आम्ही म्हणत नाही. आपल्या बोलण्याने कोणी दुखावले की नाही हे खरोखर ठाऊक नसेल, तर आधी जाऊन विचारावे. उत्तर कळल्यावर “जर”ला जागा उरत नाही.

शनिवारी बंधूने चौघांना बोलावून सांगितले व पैसे दिले. विणकराने ते मोजून घेतले, पण क्षमा केली असे तो बोलला नाही. “आता तरी त्याने क्षमा करावयास नको काय?” असे बंधूने आम्हांस विचारले. आम्ही त्यास तो प्रश्न विणकरापाशी नेऊ दिला नाही.