मंजूर किती, उचललं किती

द्वारकेच्या सेक्टर ३मध्ये नेताजी सुभाष तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, सेक्टर १४मध्ये राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि सेक्टर १६-सीमध्ये गुरू गोविंद सिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठ. नोकरीनिमित्त दिल्लीत आलेली आणि इथल्या सोसायट्यांमध्ये स्थिरावलेली बरीच मराठी कुटुंबं या तिन्हींच्या आसपास राहतात. मुलगी बारावी दिल्लीच्या शाळेतून झाली असेल तर नेताजी सुभाषमध्ये दिल्लीसाठी राखलेल्या ८५ टक्के जागांमध्ये ती बसते. घरूनच जाणं-येणं असल्यामुळे वसतिगृह आणि मेसचा खर्चही टळतो. महाराष्ट्रात राहिलो असतो तर तिथल्या सरकारी सवलती मिळाल्या असत्या, अशी खंत या घरांमधून ऐकू येते. पण पुण्यात चार वर्षं राहण्या-खाण्याला जे लागलं असतं ते इथे वाचतं, हेही हिशेबात धरायला हवं.

उरते ती फी. तिच्यासाठी कर्ज काढताना माणसं गरजेपेक्षा जास्त घेतात ती बहुधा एका गैरसमजातून. बँकेने मंजूर केलेली रक्कम म्हणजेच कर्ज, असं ती धरून चालतात. "दहा देतायत तर दहाच घेऊ, राहतील हाताशी," हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलं आहे. शैक्षणिक कर्ज हाताशी राहत नाही. फीचा भाग दर सत्राला किंवा दर वर्षाला, कॉलेजचं मागणीपत्र दिल्यावर, बँक थेट कॉलेजच्या खात्यात भरते. जेवढी उचल झाली तेवढ्यावरच व्याज लागतं, आणि तेही उचलीच्या दिवसापासून. मंजुरीपत्रावरचा आकडा ही फक्त मर्यादा असते. मर्यादा ऐसपैस ठेवायची आणि उचल हात राखून करायची, हे जमलं की कर्ज, बचत आणि शिष्यवृत्ती यांचा मेळ बसू लागतो.

एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. वडील विमानतळावरच्या मालवाहतूक कंपनीत, आई शिकवण्या घेते, दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेपाच लाख. मुलीला चार वर्षांच्या बी.टेक.ला प्रवेश मिळाला आहे. सोयीसाठी वर्षाचा खर्च अडीच लाख धरू, त्यातले दोन लाख शिकवणी शुल्क. बँकेत साडेपाच लाखांची ठेव आहे आणि मुलगी लहान असताना उघडलेलं सुकन्या समृद्धी खातं आहे.

सगळे दहा लाख कर्जाने भरले तर काय होतं ते आधी पाहू. शिकण्याची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज मोजलं जातं. या काळातलं व्याज सरळ असतं. दर साडेनऊ टक्के धरला तर पहिल्या वर्षीच्या अडीच लाखांवर पाच वर्षांचं व्याज चढतं, दुसऱ्या वर्षीच्या अडीच लाखांवर चार वर्षांचं, आणि असंच पुढे. एकूण व्याज ३ लाख ३२ हजार. हप्ता सुरू होण्याच्या दिवशी हे व्याज मुद्दलात मिळवलं जातं आणि दहा लाखांचं कर्ज सव्वातेरा लाखांच्या पुढे गेलेलं असतं. दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा हप्ता महिना सव्वासतरा हजारांच्या आसपास बसतो.

आता ठेवीकडे वळू. साडेपाच लाखांपैकी दीड लाख आजारपण किंवा नोकरी जाणं अशा प्रसंगांसाठी बाजूला राहू देत, त्यांना फीसाठी हात लावायचा नाही. ही रक्कम फीत घातली आणि नंतर अडचण आली, तर वैयक्तिक कर्ज काढावं लागतं, आणि त्याचा दर शैक्षणिक कर्जाहून बराच चढा असतो. उरले चार लाख. ते आधी वापरायचे की शेवटी? पहिल्या वर्षी उचललेला रुपया पाच वर्षं व्याज खातो, चौथ्या वर्षी उचललेला दोनच वर्षं. म्हणून पहिल्या वर्षाची फी पूर्णपणे ठेवीतून, दुसऱ्या वर्षी ठेवीतले उरलेले दीड लाख आणि कर्जातून एक लाख, आणि पुढची दोन्ही वर्षं कर्जातून. सहा लाखांच्या या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत १ लाख ५७ हजार व्याज होतं. हेच सहा लाख सुरुवातीला उचलले आणि ठेव शेवटी मोडली, तर व्याज २ लाख ४२ हजार होतं. फरक साडेपंच्याऐंशी हजारांचा. अर्थात ठेव तोवर बँकेत राहिली असती तर साडेसहा टक्क्यांनी साडेअठ्ठावन्न हजार मिळालेच असते. म्हणजे निव्वळ फायदा सत्तावीस हजारांचा.

एवढ्याचसाठी हा क्रम सुचवावा असं मला वाटत नाही. कर्ज उशिरा उचललं की निर्णयही उशिरा घेता येतो, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. प्रवेशाच्या वेळी आपल्याला काहीच ठाऊक नसतं. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मुलीचे गुण दिसलेले असतात, पुढच्या मुलांना नोकऱ्या कशा लागल्या ते कळलेलं असतं, इंटर्नशिपचा अंदाज आलेला असतो. तोवर कर्ज लाखभरच असेल तर वाट बदलायला जागा उरते.

मात्र कर्जाचा अर्जही उशिरा करू नये. प्रवेशपत्र हातात असतानाच मंजुरी घ्यावी आणि मर्यादा साडेसात लाखांची मागावी. नेहमीच्या योजनेत तिथपर्यंत तारण लागत नाही, फी वाढली तर पुरतं, आणि आपल्या सहा लाखांना थोडी मोकळीक राहते. चार लाखांवरच्या कर्जाला देशातल्या शिक्षणासाठी पाच टक्के रक्कम आपली घालावी लागते. शिष्यवृत्ती त्यात धरता येते. पहिल्या वर्षाची फी आपण भरणार आणि उचल दुसऱ्या वर्षापासून होणार, हे अर्जातच लिहावं आणि मंजुरीपत्रात उमटलं आहे ना, ते पाहावं. नंतर शाखेतला अधिकारी बदलतो आणि तोंडी ठरलेलं कुणाला आठवत नाही.

शिष्यवृत्तीकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. दिल्ली सरकारच्या 'मेरिट-कम-मीन्स' योजनेत राज्य विद्यापीठांमधल्या मुलांना मदत मिळते. अन्नसुरक्षा शिधापत्रिका असलेल्यांना पूर्ण शिकवणी शुल्क, अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना निम्मं, आणि अडीच ते सहा लाखांमधल्यांना पाव. आपल्या कुटुंबाला वर्षाला पन्नास हजार मिळू शकतात. पण हे पैसे भरलेल्या फीपोटी, मागाहून येतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मिळायचे तर साधारण ६० टक्के गुण राखावे लागतात. म्हणून फी भरण्याच्या योजनेत ते धरायचेच नाहीत. आले की पुढच्या उचलीतून तेवढी रक्कम वजा करायची. पहिल्या तीन वर्षांचे पैसे वेळेत आले तर सहा लाखांची उचल साडेचार लाखांवर येते आणि हप्ता सुरू होतानाचं देणं ५ लाख ६४ हजार होतं, म्हणजे महिन्याला ७,३०० रुपये. नाही आले तर साडेसात लाखांची मर्यादा आहेच.

इथे एक गुंता आहे. केंद्राच्या 'पीएम विद्यालक्ष्मी' योजनेला नोव्हेंबर २०२४मध्ये मंजुरी मिळाली. तिच्या यादीतल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात, व्याजात तीन टक्के सवलतही आहे. पण इतर सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेणाऱ्याला ती मिळत नाही. मग काय निवडायचं? आपल्या सहा लाखांच्या उचलीवर तीन टक्के म्हणजे सगळ्या वर्षांचे मिळून ४९,५०० रुपये. शिष्यवृत्ती तेवढं एका वर्षात देते. या घराने शिष्यवृत्तीच घ्यावी. कर्ज घेताना भरलेल्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात व्याजसवलतीच्या चौकटीवर सहज खूण होऊन जाते आणि वर्षाने शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो, म्हणून ती चौकट वाचूनच सही करावी.

उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मात्र हिशेब उलटतो. तिथे व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी त्या काळातलं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं. मग आधी कर्ज उचलावं, ठेव बँकेत वाढू द्यावी आणि हप्ता सुरू होण्याआधी ठेवीतून जमेल तेवढं फेडून टाकावं. शेजारच्या घराने काय केलं ते पाहून आपण तसंच करू नये, कारण उत्पन्नाचा दाखला लाखाने वेगळा असला तरी उत्तर बदलतं.

सुकन्या खात्याला इतक्यात हात लावायचा नाही. त्यावर ८.२ टक्के करमुक्त व्याज आहे, म्हणजे कर्जाच्या दराच्या फारसं मागे नाही. ठेव साडेसहाची, म्हणून आधी ठेव मोडायची. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी झाली की, शिक्षणासाठी आधीच्या आर्थिक वर्षाअखेरीच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते, वर्षातून एकदाच आणि फीच्या कागदावर. शिक्षण संपल्यावर कर्ज फेडण्यासाठी ही वाट खुली नसते. म्हणून चौथ्या वर्षाची फी भरताना विचार करायचा. नोकरीची चिन्हं चांगली असतील तर कर्ज उचलावं, धूसर असतील तर सुकन्यातून काढावं.

चिन्हं कुठे पाहायची? एनआयआरएफच्या क्रमवारीसाठी संस्था जी माहिती देतात ती सर्वांना उघडी असते. त्यात प्रवेश किती, वेळेत पदवीधर किती, नोकरी लागलेले किती, उच्च शिक्षणाला गेलेले किती आणि नोकरी लागलेल्यांचा मध्यम पगार किती, असे रकाने असतात. कॉलेजच्या फलकावरचं सर्वांत मोठं पॅकेज सोडून हा मध्यम पगार पाहावा, आणि नोकरी लागलेल्यांना पदवीधरांशी ताडून पाहावं. शंभरातल्या चाळीसांनाच नोकरी लागली असेल तर तो मध्यम पगार चाळिसांचा आहे, शंभरांचा नाही. हातात येणाऱ्या पगाराच्या पाचव्या भागापेक्षा हप्ता मोठा होऊ नये, असं माझं मत आहे. महिना तीस हजार हातात पडतील अशा ठिकाणी सव्वासतरा हजारांचा हप्ता म्हणजे निम्म्याहून अधिक पगार. तिथे सहा हजारांचा हप्ता पेलेल, म्हणजे हप्ता सुरू होतानाचं देणं साधारण साडेचार लाखांच्या वर जायला नको. बँक जास्त द्यायला तयार असली तरी ही मर्यादा आपणच आखायची असते.

पदवीनंतरच्या त्या बिनहप्त्याच्या वर्षात आणखी एक काम राहतं. चौथ्या वर्षाची शिष्यवृत्ती बहुधा याच सुमारास येते. आपल्या उदाहरणात साचलेलं व्याज १ लाख १४ हजार आहे. ते मुद्दलात मिसळण्याआधी हे पन्नास हजार भरले तर देणं ५ लाख १४ हजारांवर येतं आणि हप्ता ६,६५० रुपयांच्या आसपास. मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल दंड नसतो. भरताना पैसे कशात जमा झाले ते पावतीवर पाहावं आणि नवा हप्ता बँकेकडून लेखी घ्यावा. पुष्कळदा रक्कम भरली जाते, पण हप्ता जुनाच कापला जातो आणि ते महिनोन् महिने लक्षात येत नाही.