पुनःप्रक्षेपणाची विनंती

ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिकांनी सह्याद्री वाहिनीला लिहिलेलं पत्र टाकण्याआधी मला वाचायला दिलं. मायना, विषय, 'आपली विश्वासू', सगळं जिथल्या तिथे. मागणी एकच : १९७७ ते १९७९ च्या काळात मुंबई दूरदर्शनवर लागणारी 'चिमणराव' ही मालिका पहिल्या भागापासून पुन्हा दाखवावी. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ त्यांनी शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून पाहिला होता. दाखला म्हणून त्यांनी 'रामायण' पुढे केलं होतं. २०२० च्या टाळेबंदीत ते पुन्हा दाखवता आलं, मग हे का नाही?

पत्रातला एक शब्दप्रयोग मात्र मला अडखळवून गेला : 'आपल्या संग्रहातून काढून'. या मागणीमागे एक गृहीत आहे, की जे एकदा दिसलं ते कुठल्या तरी कपाटात ठेवलेलं असणारच. 'रामायणा'च्या बाबतीत ते खरं होतं. ती मालिका रामानंद सागरांच्या संस्थेची निर्मिती. टेपही त्यांच्याकडे आणि हक्कही त्यांच्याकडे, म्हणून ती जपण्यात त्यांचा स्वार्थ होता. 'चिमणराव' ही दूरदर्शनची स्वतःची निर्मिती. तिचे मोजके भाग आज पाहायला मिळतात, बाकीचे उरलेले नाहीत.

ते कोणी चोरले नाहीत की जाळले नाहीत. त्या काळी व्हिडिओ टेप परदेशातून यायची आणि महाग असायची. तीच टेप पुसून पुन्हा वापरता येई, हाच तिचा मोठा गुण मानला जाई. तास संपला की पुढच्या तासासाठी फळा पुसावा, तसा हा व्यवहार होता. त्यात हेळसांडीपेक्षा काटकसर जास्त होती. शिवाय दूरचित्रवाणी ही नभोवाणीची धाकटी बहीण समजली जात होती. नभोवाणीवरचं बोलणं हवेत जायचं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. बीबीसीनेही साठच्या दशकातल्या 'डॉक्टर हू'चे कितीतरी भाग असेच घालवले. त्यातले काही २०१३ मध्ये नायजेरियात सापडले. ते सापडण्याचं कारण असं, की परदेशी केंद्रांना विकण्यासाठी त्या भागांच्या फिल्मच्या प्रती काढल्या होत्या. मराठी मालिकेची प्रत विकत घेणारं परदेशी केंद्र कुठून येणार? घराघरांत व्हिडिओ रेकॉर्डर आले तेही ऐंशीच्या दशकात. म्हणजे एखाद्या प्रेक्षकाच्या माळ्यावर एखादा भाग निघेल, ही आशाही जवळजवळ नाहीच.

टेप पुसली गेली की तिच्यावरची जुनी चुंबकीय खूण जाते आणि तिच्या जागी नवी बसते. खाली काही शिल्लक राहत नाही. कागदावर खोडलेली ओळ प्रकाशात धरून वाचता येते, इथे ती सोय नाही. जे पुसलं गेलं नाही, तेही सुरक्षित नसतं. मुंबईच्या दमट हवेत टेपवरच्या थराला धरून ठेवणारं द्रव्य पाणी शोषून चिकट होतं आणि यंत्रात टेप अडते. अशी टेप हलक्या उष्णतेत ठेवून थोडा वेळ चालती करतात आणि तेवढ्यात तिची डिजिटल प्रत काढून घेतात. तेव्हा जुनं यंत्रही चालू स्थितीत हवं, आणि ते चालवता येणारा माणूसही.

गंमत अशी, की चिमणराव लिहिणाऱ्या चिं. वि. जोशींचा मूळ मजकूर आज पूर्वीपेक्षा मोकळा आहे. ते १९६३ मध्ये गेले. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणून १ जानेवारी २०२४ पासून त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेला चिमणराव कोणालाही छापता येतो. छापील शब्द हजार घरांत विखुरलेला होता, म्हणून तो टिकला. अभिनय एका टेपवर होता आणि ती एका कार्यालयात होती. गुंड्याभाऊ एखाद्या वाक्याआधी किती थांबत होता, ते पुस्तकात नाही. या शिक्षिकांच्या आठवणीत ते आहे, पण तिथून ते दुसऱ्याला दाखवता येत नाही.

मी त्यांना पत्र पाठवू नका असं म्हटलं नाही, मागणी बदला म्हणालो. 'पुन्हा दाखवा' याऐवजी विचारावं : कोणते भाग उरले आहेत, ते कोणत्या टेपवर आहेत, प्रत्येकाची डिजिटल प्रत झाली आहे का, ती एकाहून जास्त ठिकाणी ठेवली आहे का? जे भाग गेले, त्यांच्या संहिता आणि छायाचित्रं कुठे आहेत? डब्यावरच्या चिठ्ठीवर विसंबू नये, टेप लावून पाहावी, हेही लिहावं. कारण पुसून वापरलेल्या टेपच्या डब्यावर जुनंच नाव राहिलेलं असू शकतं.

त्यांनी पत्र नव्याने लिहिलं. 'विषय'च्या पुढे आता 'पुनःप्रक्षेपण' नाही, 'शिल्लक भागांची यादी मिळणेबाबत' असं आहे. ही मागणी पहिलीपेक्षा रुक्ष आहे. पण पहिल्या पत्राला 'विचार करू' एवढं उत्तर पुरलं असतं. या पत्राला उत्तर द्यायचं तर कोणाला तरी उठून कपाट उघडावं लागेल.