चिठ्ठी कितीदा उचलली?

संख्याशास्त्र विभागातल्या मॅडमना ईमेल लिहायची आहे. शेजारी तुमची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी बसली आहे. एक्सेलची फाइल उघडी आहे, तिच्यात २४० ओळी आहेत आणि टू-वे अ‍ॅनोव्हा करायचा हे तिच्या मनात पक्कं आहे. लिहायची घाई करू नका. फाइल थोडा वेळ बंद करा आणि मनाने शेतात जा. मॅडमनी ते शेत पाहिलेलं नाही. त्यांना जे दिसेल ते तुमच्या ईमेलमधूनच दिसेल.

प्रयोग रब्बी कांद्याचा आहे असं धरू. सिंचनाच्या तीन पद्धती आहेत: ठिबक, तुषार आणि सपाट वाफ्यात पाटाचं पाणी. नत्राच्या चार मात्रा आहेत: हेक्टरी ५०, ७५, १०० आणि १२५ किलो. चार रिप्लिकेशन.

आता बांधावर उभे राहा आणि फक्त पहिलं रिप्लिकेशन बघा. त्यात तीन मोठे पट्टे आहेत. एकात ठिबकच्या नळ्या पसरल्या आहेत, एकात तुषारच्या तोट्या उभ्या आहेत, एकात पाट काढला आहे. पट्टे एवढे मोठे का? तुषारचं पाणी शेजारच्या छोट्या वाफ्यावर उडल्याशिवाय राहत नाही, म्हणून. सिंचन मोठ्या तुकड्यालाच देता येतं. मधे मोकळी जागा सोडली आहे, तीही त्याच कारणाने.

पट्ट्यात उतरा. प्रत्येक पट्ट्याचे चार वाफे पाडले आहेत आणि प्रत्येक वाफ्याला नत्राची एक मात्रा दिली आहे. एका वाफ्यात वाका. पाच रोपांना खुणेचे टॅग बांधलेले दिसतील. काढणीनंतर याच पाच कांद्यांचं वजन झालं आणि फाइलमध्ये पाच ओळी भरल्या गेल्या.

तीन पट्टे आणि चार रिप्लिकेशन मिळून १२ पट्टे झाले. त्यांचे ४८ वाफे. वाफ्यांतली २४० रोपं.

इथे थांबा आणि विद्यार्थिनीला एकच प्रश्न विचारा: सिंचन कुठे कोणतं, हे ठरवायला चिठ्ठी कितीदा उचलली? तिला आठवेल. पट्ट्यांसाठी उचलली, म्हणजे बारा वेळा. नत्रासाठी प्रत्येक पट्ट्यात वेगळी, म्हणजे ४८ वेळा. आणि टॅग लावलेल्या रोपांसाठी? त्या पाच रोपांना पाणी किंवा खत वेगवेगळं द्यायचं असं कुणी ठरवलंच नव्हतं. पाचही रोपं एकाच वाफ्याची. तेच पाणी प्यायली, तीच माती त्यांच्या मुळांशी होती. एकाच पातेल्यातली पाच शितं चाचपली म्हणून पाच वेळा भात शिजवला असं होत नाही.

तिचं उत्तर मनात मुरू द्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फाइलमधली ओळ हे मोजमापाचं एकक आहे. प्रयोगाचं एकक ते, ज्याच्यासाठी चिठ्ठी उचलली. आणि इथे तर दोन एककं आहेत, सिंचनाचं एक आणि नत्राचं दुसरं. कृषी विद्यापीठांत याला स्प्लिट प्लॉट म्हणतात. पानसे आणि सुखात्मे यांच्या १९५४ सालच्या ज्या पुस्तकाचं नाव कितीतरी प्रबंधांच्या संदर्भसूचीत असतं, त्यातही ही रचना आहे. विद्यार्थिनीने नाव ऐकलेलं असतं, सिनॉप्सिसमध्ये लिहिलेलंही असतं. पण सहा महिन्यांनी एक्सेलसमोर बसल्यावर शेत दिसत नाही, ओळी दिसतात. दोन घटक दिसले की टू-वे अ‍ॅनोव्हा सुचतो. त्यात तिचा आळस नाही. फाइलने तिला जे सांगितलं तेच तिने ऐकलं.

या चुकीने नेमकं काय बिघडतं, ते सोयीचे आकडे घेऊन सावकाश पाहू. समजा कांद्याचं सरासरी वजन ठिबकमध्ये ७३ ग्रॅम, तुषारमध्ये ६८ आणि पाटपाण्यात ६३ आलं. फरक पाच-पाच ग्रॅमचा. हा फरक कशाच्या तुलनेत मोठा म्हणायचा? टू-वे अ‍ॅनोव्हा सगळा उरलेला चढउतार एका पोत्यात भरतो. त्यात बहुतांश वाटा एकाच वाफ्यातल्या रोपारोपांतल्या फरकाचा असतो, आणि त्याचे डिग्रीज ऑफ फ्रीडम २२८ होतात. आपल्या आकड्यांत एफ सुमारे १२ येतो, असं धरू. पाच टक्के पातळीला सुमारे ३.०४ पुरतो, त्यामुळे निकाल दणदणीत वाटतो.

आता तोच फरक पट्ट्यांच्या नजरेने बघा. ठिबकचे चार पट्टे आपापसांत किती वेगळे आले? तुषारचे? रिप्लिकेशनचा वाटा काढून टाकल्यावर पट्ट्यापट्ट्यांत जो फरक उरतो, त्याच्याशीच सिंचनाची तुलना व्हायला हवी. त्याचे डिग्रीज ऑफ फ्रीडम फक्त ६. एखाद्या पट्ट्याखाली मुरूम वर आलेला असतो, एखाद्याच्या कडेला पाणी साचतं, आणि त्याचा परिणाम पट्ट्यातल्या वीसच्या वीस रोपांवर एकदम होतो. अशा शेतात तेच आकडे एफ ४ देऊ शकतात. सहा डिग्रीजना ५.१४ लागतो. म्हणजे एकाच फाइलवरून एक निष्कर्ष म्हणतो ठिबक निःसंशय सरस, आणि दुसरा म्हणतो चार रिप्लिकेशनवरून एवढं ठामपणे सांगता येत नाही. दुसरा खरा आहे.

पाच रोपं मोजली ते वाया गेलं का, असं ती विचारेल. नाही. पाच रोपांच्या सरासरीने वाफ्याचं वजन एका रोपापेक्षा भरवशाचं झालं. फक्त वाफे वाढले नाहीत.

इथवर आलात की संशोधनाच्या प्रश्नाकडे वळा. प्रबंधाचं शीर्षक असतं, ‘सिंचन पद्धती आणि नत्राच्या मात्रांचा रब्बी कांद्याची वाढ, उत्पादन व प्रत यांवर परिणाम’. त्यातून काय जाणून घ्यायचं आहे ते मॅडमना कळणार नाही. विद्यार्थिनीला तिच्या शब्दांत बोलू द्या. ती बहुधा म्हणेल, ‘सर, ठिबकवर ७५ किलो नत्रात भागतं का, ते बघायचंय.’ हाच खरा प्रश्न. पण तो दोन तऱ्हांनी विचारता येतो.

एक तऱ्हा अशी: ठिबकमध्ये नत्र वाढवत गेल्यावर वजन जसं वाढतं, तसंच ते पाटपाण्यातही वाढतं का? इथे प्रत्येक पट्ट्याच्या आतले वाफे एकमेकांशी ताडले जातात. मुरूम, पाणी, पट्ट्याचं जे काही असेल ते चारही वाफ्यांना सारखंच लागतं आणि तुलनेतून गळून जातं. या तुलनेला वाफ्यांची त्रुटी लागू होते, २७ डिग्रीजची. प्रयोगाची सगळ्यात धारदार बाजू ही. दुसरी तऱ्हा अशी: ठिबकवरचे ७५ किलो पाटपाण्यावरच्या १०० किलोंइतकंच वजन देतात का? यात पट्टेही बदलतात आणि वाफेही, म्हणून दोन्ही त्रुटी मिसळाव्या लागतात आणि उत्तर ढिलं होतं. तिला दोन्ही हवं असेल तर दोन्ही लिहावं, पण पहिलं कोणतं ते आजच ठरवावं, आकडे पाहून नव्हे.

आणखी एक. प्रबंधांत ‘अ‍ॅट पार’ हा शब्द सर्रास येतो: दोन सरासरींमधला फरक सी.डी.पेक्षा कमी, म्हणून दोन्ही सारखे. पण फरक सिद्ध झाला नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. प्रयोग लहान असला तर सगळंच अ‍ॅट पार येतं. ‘७५ पुरे’ असं म्हणायचं असेल तर किती ग्रॅमची घट शेतकऱ्याला चालेल, हे आधी सांगायला हवं. तो आकडा मॅडम देऊ शकत नाहीत. तो कांदा जाणणाऱ्याने द्यायचा.

आता फाइल पुन्हा उघडा. रिकाम्या जागा बघा, आणि शून्यं बघा. सडलेल्या कांद्याचं वजन कुठे ० आणि कुठे रिकामं असेल तर ते आधी एकसारखं करा, कारण संगणकाला शून्य हे खरंखुरं वजन वाटतं. टॅगचं रोप डेंगळ्यावर गेलं तेव्हा काय केलं? मजुराने शेजारचं रोप निवडलं असेल तर त्याने बहुधा चांगलं दिसणारं निवडलं. जोड कांदे वजनात धरले की वगळले? आणि ठिबकमध्ये नत्र पाण्यातून दिलं, इतर पट्ट्यांत युरिया हाताने टाकला, असं असेल तर ‘सिंचन पद्धती’ या नावाखाली खत देण्याची पद्धतही बदलली आहे. कोणत्याही विश्लेषणाने ते नंतर वेगळं काढता येत नाही. म्हणून ते लपवू नका.

आता लिहा.

‘मॅडम, नमस्कार. माझ्या विद्यार्थिनीच्या रब्बी कांद्याच्या प्रयोगाबद्दल लिहितो आहे. सिंचनाच्या ३ पद्धती मोठ्या पट्ट्यांत (एकूण १२), नत्राच्या ४ मात्रा त्यांतल्या वाफ्यांत (एकूण ४८), ४ रिप्लिकेशन. प्रत्येक वाफ्यातल्या ५ रोपांचं वजन ग्रॅममध्ये आहे, म्हणून फाइलमध्ये २४० ओळी. पट्टे आणि वाफे, दोन्हींसाठी चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या होत्या. मुख्य प्रश्न: नत्राला मिळणारा प्रतिसाद ठिबक आणि पाटपाणी यांत वेगळा आहे का? ५ ग्रॅमपर्यंतची घट आम्ही किरकोळ मानतो. नत्र ठिबकमध्ये पाण्यातून आणि इतरत्र हाताने दिलं आहे. डेंगळ्यावर गेलेल्या रोपांच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत, त्यांची यादी दुसऱ्या शीटवर आहे. विद्यार्थिनीने आधी हे करायचं ठरवलं होतं:

```
aov(wajan ~ sinchan * factor(natra), data = kanda)
```

शेताचा आराखडा पुन्हा काढल्यावर तिला वाटतं, की वाफ्यांच्या सरासरी घेऊन हे करावं:

```
aov(wajan ~ sinchan * factor(natra) + Error(factor(rep)/sinchan), data = vafe)
```

काही वाफ्यांत पाचऐवजी तीनच रोपं उरली आहेत. अशा सरासरींना इतरांइतकंच वजन द्यावं का, की रोपांच्या पातळीवर मिश्र मॉडेल बसवावं, हे आम्हाला ठरवता येत नाही. सोबत फाइल आणि आराखड्याचा फोटो जोडला आहे.’

विद्यार्थिनीचा पहिला विचार ईमेलमध्ये राहू द्या. तो वाचूनच मॅडमना कळेल, की तिच्याशी बोलताना कुठून सुरुवात करायची. आणि पाठवण्याआधी आराखड्याच्या फोटोत उत्तर दिशा आणि पाणी कोणत्या बाजूने येतं ते पेनाने दाखवलं आहे ना, एवढं बघा.