पैसे पाठवायचे राहून गेले असतील

उसने पैसे देताना मराठी माणसाला जेवढा संकोच वाटत नाही, तेवढा ते परत मागताना वाटतो. घेणारा मान ताठ करून बाजारात हिंडतो आणि देणारा त्याला चुकवायला गल्लीतून जातो. बँकेत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे मी मागत नाही, छापील कागद मागतो. मी खाली फक्त शिक्का मारतो. शिक्क्याला लाज नसते, हा त्याचा मोठा गुण.

पण माझा मेहुणा म्हणजे बँक नव्हे. तो उत्रोलीचा, आमच्या भोरच्या शेजारचाच. इंद्रायणी तांदूळ गोळा करून, पाच-पाच किलोच्या पिशव्यांत भरून तो अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका घाऊक व्यापाऱ्याला पाठवतो. माल जहाजावर चढल्यापासून साठ दिवसांत पैसे, असा करार. पहिला माल 10 मार्चला चढला, म्हणजे पैसे 9 मेपर्यंत यायला हवे होते. दुसरा 4 एप्रिलला, त्याचे 3 जूनपर्यंत. पहिलं बिल 4,800 डॉलरचं, दुसरं 3,650 चं. जुलै उजाडला, उत्रोलीच्या खाचरांत पुढच्या भाताची लावणी सुरू झाली, आणि मागच्या भाताचे 8,450 डॉलर अजून समुद्रापलीकडेच.

"दाजी, तुम्ही कॉमर्सवाले. जरा गोड शब्दांत पत्र लिहून द्या," तो म्हणाला. "मी मराठीत लिहून आणलंय, तुम्ही फक्त इंग्रजी करा."

त्याच्या पत्रात साष्टांग नमस्कार होता, मुलाबाळांची चौकशी होती, उत्रोलीच्या पावसाची हकिगत होती आणि सगळ्यात शेवटी, दाराआड उभ्या राहिलेल्या नव्या सुनेसारखं एक वाक्य होतं : 'पैसे पाठवायचे कामाच्या गडबडीत राहून गेले असतील.' मग 'कळावे, लोभ असावा.'

नमस्कार आणि पाऊस मी एका रेघेत उडवले. 'लोभ असावा' इंग्रजीत नेता येत नाही. परदेशातल्या हिशेबनिसाला वाटायचं हा गृहस्थ तांदळाबरोबर प्रेमाचंही बिल लावतो आहे. पेन अडलं ते 'राहून गेले' पाशी. मराठीत 'राहून गेलं' म्हटलं की कुणाचाच दोष नसतो. पैसे आपले आपण राहतात, जसं दूध आपलं आपण उतू जातं. इंग्रजीत कर्ता लागतो : 'यू मे हॅव फरगॉटन'. तुम्ही विसरला असाल. आणि कर्ता येऊन उभा राहिला की त्याच्यामागून नीतीचा प्रश्नही येतो. तो विसरला आहे असं आपल्याला खरंच वाटतं का?

"छे! विसरतो कसला? वापरतोय आपले पैसे," मेहुणा म्हणाला.

"मग विसरलात असं का लिहायचं?"

"दाजी, तो सभ्यपणा असतो."

सभ्यपणासाठी खोटं बोलावं का, हा प्रश्न धर्मराजालाही सोपा गेला नव्हता. पण माझी अडचण निव्वळ व्यवहारी होती. पहिल्या पत्रात आपण त्याला विसराळू ठरवलं, तर दुसऱ्या पत्रात काय लिहायचं? पुन्हा विसरलात? तिसऱ्या पत्रात तर आपण त्याला लबाड तरी म्हणणार, नाहीतर वैद्य सुचवणार. शिवाय जी सबब त्याला सुचलेली नव्हती ती आपणच पानसुपारीसारखी पुढे करायची. उलट 'तुम्ही पैसे वापरता आहात' हे लिहावं, तर तेही आपल्याला ठाऊक नाही. मेहुण्याचा तो फक्त राग आहे.

खरं ठाऊक होतं ते एवढंच : 8 जुलैपर्यंत आपल्या खात्यात या दोन बिलांचे पैसे जमा दिसत नाहीत, का, ते माहीत नाही. मी तेवढंच लिहायचं ठरवलं. आणि गंमत म्हणजे ते त्याच्या मसुद्यापेक्षा जास्त सभ्य दिसायला लागलं, कारण त्यात समोरच्याच्या मनाबद्दल चकार शब्द नव्हता.

पण खरं लिहायचं तर तेही त्याला खरं वाचता आलं पाहिजे. मेहुण्यानं मुदतीच्या तारखा 09/05 आणि 03/06 अशा घातल्या होत्या. अमेरिकन माणूस महिना आधी वाचतो. म्हणजे पहिलं बिल त्याच्या लेखी 5 सप्टेंबरला द्यायचं, अजून दोन महिने अवकाश. आणि दुसरं 6 मार्चला, तांदूळ उत्रोलीतच असताना! मी महिन्यांची नावं अक्षरांत घातली. प्रत्येक बिलाचा नंबर, रक्कम, मुदत आणि उलटलेले दिवस, पहिल्याचे साठ, दुसऱ्याचे पस्तीस, असं एकाखाली एक मांडलं. मग तीन वाक्यं : पैसे पाठवले असतील तर बँकेच्या पावतीची प्रत धाडावी, मालाबद्दल तक्रार असेल तर कळवावी, नसेल तर कोणत्या तारखेला पाठवता ते सांगावं. 'लवकरात लवकर' मी लिहिलं नाही. ती तारीख कुठल्याच पंचांगात नसते.

शेवटी एक ओळ माझ्यातल्या कारकुनानं घातली : आमचं बँक खातं बिलावर छापलंय तेच आहे, ते बदललेलं नाही. हल्ली ठग मंडळी दोघांच्या ई-मेलमध्ये शिरून 'आमचं खातं बदललं, पैसे इकडे पाठवा' असं यजमानाच्याच नावानं कळवतात. त्यांचीही पत्रं अत्यंत नम्र असतात.

"एवढी घाई कशाला? आपण काही सावकार नाही," मेहुण्याला मध्येच उदारपणाचा झटका आला. "तुकोबांनी तर खतं इंद्रायणीत बुडवली."

"आपल्या वाट्याची बुडवली. भावाच्या वाट्याची त्याला दिली, अशी कथा आहे," मी म्हणालो. "तू यातली शेतकऱ्यांची बाकी वेगळी काढ, आणि तुझ्या वाट्याचं काय ते खुशाल बुडव." त्याच्या वाट्याला काय उरतं ते त्यानं बोटांवर मोजलं आणि तो गप्प बसला.

शिवाय निर्यातीचे पैसे मनात आलं म्हणून सोडता येत नाहीत. ते ठरावीक मुदतीत देशात आणावे लागतात; 2025 च्या नोव्हेंबरात ही मुदत नऊ महिन्यांवरून पंधरा महिने झाली. प्रत्येक मालाची नोंद रिझर्व्ह बँकेच्या संगणकात उघडी राहते आणि मुदत उलटली की बँक विचारते. कुणाला? ज्यानं पैसे दिले नाहीत त्याला नव्हे, ज्याला ते मिळाले नाहीत त्याला! तो विचारणारा छापील कागद बहुधा माझ्याच टेबलावरून जाणार होता, आणि खाली शिक्का माझाच.

उत्तर पाचव्या दिवशी आलं. मालकाचं नव्हे, त्यांच्या हिशेबनीस बाईंचं. पहिलं बिल त्यांच्या कागदांत सापडतच नव्हतं, प्रत पाठवा. दुसऱ्या मालातल्या अकरा पिशव्यांना टोके लागले होते. ते कळवायचं, त्यांच्याच शब्दांचा मराठी अर्थ सांगायचा तर, राहून गेलं होतं.

मेहुण्यानं प्रत पाठवली, अकरा पिशव्यांची किंमत वजा करून दिली. पंधरवड्यात पैसे जमा झाले. फक्त पहिल्या बिलात बावीस डॉलर कमी. मधल्या बँकेनं आपला हात ओला करून घेतला होता.

"दाजी," मेहुणा कागद पुढे सरकवत म्हणाला, "या बावीस डॉलरचं एक गोड शब्दांत..."

ते परदेशी बँकेचं शुल्क म्हणून दाखवून नोंद बंद करता येते, असं मी त्याला सांगितलं आणि अर्जाचा नमुना दिला. अर्ज मराठीत चालेल का, असं त्यानं विचारलं. चालेल म्हटलं, पण पाऊस वगळून.